अंगठ्याला जमेल अशी सही

मागच्या पावसाळ्यात शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात संगणकाच्या कामासाठी चाललो होतो. गेटावरचा वॉचमन म्हणाला, "आत कुणाला तरी फोन करून सांगायला सांगा, मग सोडतो." माझ्याकडे खरेदी विभागाच्या मॅडमचा आदल्या दिवशीचा मेल होता आणि मेलखाली त्यांची झकास रंगीत सिग्नेचर होती. त्यात डावीकडे लोगो, उजवीकडे नाव आणि खाली फोन नंबर. नंबरावर बोट दाबलं, तर काही झालं नाही. दाबून धरलं, तर 'इमेज सेव्ह करायची का' असं मोबाइल विचारू लागला. ती अख्खी सिग्नेचर म्हणजे एक चित्र होतं. अक्षरं इतकी बारीक की दोन बोटांनी मोठी केल्यावर निम्मा नंबर पडद्याबाहेर जायचा. शेवटी समोरच्या चहाच्या गाड्यावरून पेन मागून घेतलं, नंबर तळहातावर उतरवला आणि मग लावला. पावसात त्यातला एक आकडा पुसट झाला होता, त्यामुळे पहिला फोन भलत्याच माणसाला लागला.

पुढे दोन महिन्यांनी त्याच कारखान्यानं मला सगळ्यांच्या सिग्नेचर नीट करून द्यायला बोलावलं. पडद्यावर नाव लिहायचं आहे, म्हणून त्यांना इथे 'अबक कास्टिंग्ज' म्हणू. नंबरही खरे देत नाही, शून्यं मांडतो. बाकी सगळं घडलं तसं आहे.

सगळ्यात आधी मी मॅडमची सिग्नेचर ओळीओळीनं कागदावर उतरवून काढली. पहिली ओळ 'थँक्स अँड रिगार्ड्‌स'. मग तिरक्या निळ्या अक्षरात नाव, नावाखाली दोन पदव्या, त्याखाली 'असिस्टंट मॅनेजर'. शेजारच्या रकान्यात लोगो आणि आयएसओ प्रमाणपत्राचं बोधचिन्ह. खाली कंपनीचं नाव, कारखान्याचा पत्ता, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, तीन लँडलाइन, एक फॅक्स (मशीन भंगारात जाऊन चार वर्षं झाली होती), मोबाइल, ईमेल, वेबसाइट, जीएसटी क्रमांक, सीआयएन. मग पाच सोशल मीडियाची चिन्हं. मग 'झाडं वाचवा, हा मेल प्रिंट करू नका'. आणि सगळ्यात शेवटी, हा मेल चुकून तुम्हाला आला असेल तर काय करावं याचा इंग्रजीतला लांबलचक परिच्छेद. मॅडमचा मूळ मेल होता, 'उद्या अकरा वाजता या.'

हे असं का होतं, ते समजायला सोपं आहे. सिग्नेचर बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लेटरहेड असतं. लेटरहेडचा कागद एकवीस सेंटीमीटर रुंद असतो आणि मजकूर लिहून झाल्यावरही त्यावर जागा उरते. मोबाइलच्या पडद्याची रुंदी मात्र सहा-सात सेंटीमीटर असते. मेल दाखवणारी अ‍ॅप्स ही रुंदी पिक्सेलच्या हिशेबात मोजतात. ही मोजणी पडद्यावरच्या प्रत्यक्ष ठिपक्यांची नसते, वाचायच्या सोयीसाठी ठरवलेल्या मापाची असते. त्या मापानं बरेचसे अँड्रॉइड फोन ३६० पिक्सेल रुंद असतात आणि अलीकडचे बहुतेक आयफोन ३९०च्या आसपास. दोन्ही कडांची मोकळी जागा सोडली तर हातात ३२० ते ३३० पिक्सेल उरतात. नेहमीच्या आकाराच्या अक्षरात तिथे एका ओळीत साधारण चाळीस रोमन अक्षरं बसतात. देवनागरी त्याहून कमी.

मॅडमची दोन रकान्यांची सिग्नेचर ६०० पिक्सेल रुंद होती. संगणकावर ती डौलात बसायची. फोनवर एवढं रुंद काही आलं की मेलच्या अ‍ॅपपुढे दोनच मार्ग असतात. एक तर कडेचा भाग पडद्याबाहेर सोडायचा आणि वाचणाऱ्याला डावी-उजवीकडे सरकवायला लावायचं. नाहीतर सगळा मेल आक्रसून पडद्यात बसवायचा. आयफोनचं मेल अ‍ॅप दुसरा मार्ग धरतं. आणि ते फक्त सिग्नेचर आक्रसत नाही, वरचा मजकूरही तिच्याबरोबर लहान होतो. 'उद्या अकरा वाजता या' हे चार शब्द मुंगीएवढे झाले होते, ते खालच्या सहीपायी. लोक म्हणतात, अमक्याचे मेल फोनवर वाचताच येत नाहीत. अशा वेळी दोष बऱ्याचदा मजकुरात नसतो, खाली टांगलेल्या रुंद तक्त्यात असतो.

आता कुणी जाणकार विचारेल, वेबसाइट जशी फोनवर आपोआप अरुंद होते तशी सिग्नेचर का होऊ नये? वेबसाइटला ते जमतं, कारण तिच्या पानाच्या डोक्यात नियम लिहिलेले असतात: पडदा इतका अरुंद असेल तर रकाने एकाखाली एक मांडा. सिग्नेचरला असं डोकंच नसतं. ती मेल लिहायच्या चौकटीत चिकटवलेली असते आणि चिकटवताना ते नियम गळून पडतात. टिकतं ते फक्त त्या त्या ओळीवर थेट लिहिलेलं: अक्षर केवढं, रंग कोणता, ओळींत अंतर किती. म्हणून फोनसाठी वेगळी आणि संगणकासाठी वेगळी अशी एकच सिग्नेचर होत नाही. अरुंद पडदा धरून एकाच रकान्याची बनवायची. ती संगणकावरही नीट दिसते, उलट्या बाजूनं मात्र जमत नाही. या कामातला माझा पहिला आणि जवळजवळ एकमेव हट्ट हाच आहे.

मग काय ठेवायचं, काय काढायचं? यावर अबक कास्टिंग्जच्या केबिनमध्ये चांगला तासभर वाद झाला. मालक म्हणजे जुने जाणते गृहस्थ. ते म्हणाले, "अहो, कंपनीची माहिती दिसली पायजे की!" मी त्यांना विचारलं, "साहेब, मॅडमचा मेल फोनवर उघडणारा माणूस कोण असतो?" त्यांनी स्वतःच मोजून सांगितलं: भंगार आणि पिग आयर्न पुरवणारे, ट्रान्सपोर्टवाले, दुरुस्तीला येणारे माझ्यासारखे, आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाकडचे लोक. यांना मेलखाली तीन गोष्टी हव्या असतात. हे कोण आणि कशाबद्दल यांना विचारायचं, फोन कुठे लावायचा, आणि गाडी कुठे आणायची. यातली प्रत्येक गोष्ट वाचायची कमी आणि अंगठ्यानं दाबायची जास्त आहे. नंबर दाबला की फोन लागला पाहिजे, पत्ता दाबला की नकाशा उघडला पाहिजे.

पदाची ओळ लोक फार गृहीत धरतात. 'असिस्टंट मॅनेजर' यातून बाहेरच्या माणसाला काहीच कळत नाही. एका कंपनीत असे नऊ असिस्टंट मॅनेजर असू शकतात. मॅडमचं खरं काम कच्च्या मालाची खरेदी आणि गेटपास. म्हणून आम्ही लिहिलं, 'खरेदी (कच्चा माल)'. हुद्दा कमी झाला असं त्यांना क्षणभर वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. पण आठवड्याभरात बिलांच्या चौकशीचे फोन त्यांच्याऐवजी थेट अकाउंट्‌सकडे जाऊ लागले, तेव्हा त्यांनीच इतरांची पदं तशी लिहायचा आग्रह धरला. पदव्या मात्र काढल्या. डॉक्टर किंवा सीए असेल तर पदवी म्हणजेच कामाची ओळख, तिथे ती हवी. बाकीच्यांची पदवी नोकरीच्या अर्जात शोभते.

फोन नंबरांची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण चुका सगळ्यात जास्त तिथे होतात. आपल्याकडे लँडलाइन लिहायची एक जुनी रीत आहे: पहिला नंबर पूर्ण आणि मग तिरकी रेघ देऊन पुढच्यांचे फक्त शेवटचे दोन आकडे, '२१ / २२ / २३' असे. कागदावर माणूस ते समजून घेतो. फोन समजत नाही. तो पहिला नंबर धरतो आणि बाकीचे सोडतो, किंवा रेघेपलीकडचे आकडे त्यालाच जोडून भलताच नंबर तयार करतो. म्हणून एका ओळीत एकच नंबर, पूर्ण लिहिलेला. शक्य तर एकच लँडलाइन. तिन्ही लाइनी एकाच ईपीबीएक्सवर जात असतील तर तिन्ही लिहून मिळतं काय?

दुसरी चूक शून्याची. कोल्हापूरचा कोड आपण ०२३१ म्हणतो. पण त्यातलं सुरुवातीचं शून्य देशातल्या देशात एसटीडी लावण्यासाठी आहे. पुढे +९१ लावलं की ते शून्य गेलंच पाहिजे: +९१ २३१ आणि मग नंबर. '+९१-०२३१' असं लिहिलेल्या शेकडो सिग्नेचर मी पाहिल्या आहेत आणि परदेशातून त्या नंबरावर फोन लागत नाही. अबकचा माल जर्मनीला जातो. तिकडच्या गिऱ्हाइकानं 'तुमचा फोन लागत नाही' म्हणून दोनदा मेल केला होता, आणि साहेबांनी त्याचा दोष टेलिफोन कंपनीला दिला होता.

तिसरी गोष्ट दिसायला क्षुल्लक आहे. मोबाइल नंबरात पाच आकड्यांनंतर आपण मोकळी जागा सोडतो. ओळ संपत आली की फोन नेमका तिथेच नंबर तोडतो. पाच आकडे वर, पाच खाली. त्यासाठी साध्या मोकळ्या जागेऐवजी न तुटणारी जागा वापरायची असते, कोडमध्ये ती `&nbsp;` अशी लिहितात. आणि नंबर दाबल्यावर फोन लागावा म्हणून त्याला `tel:` ची लिंक द्यायची. फोन स्वतःही नंबर ओळखायचा प्रयत्न करतो हे खरं, पण त्याच्या ओळखण्यावर विसंबू नये. व्हॉट्सअ‍ॅप द्यायचं असेल तर `https://wa.me/` याच्यापुढे ९१ आणि दहा आकडे सलग लिहायचे. तिथे अधिकचं चिन्ह, रेघ, मोकळी जागा यातलं काही चालत नाही. नेमका उलटा नियम, त्यामुळे गोंधळ ठरलेला.

दाबायच्या ओळी एकमेकींना चिकटून असल्या की अंगठा चुकतो. बोटानं नीट दाबता यावं म्हणून अ‍ॅपल आपल्या डिझाइनच्या सूचनांत ४४ आणि गुगल ४८ एककांची जागा सुचवतं. सिग्नेचरमध्ये तेवढी चैन परवडत नाही, पण लिंकांच्या ओळींत साध्या ओळींपेक्षा जास्त अंतर देता येतं आणि दोन लिंकांच्या मध्ये एखादी साधी ओळ घालता येते. पाच सोशल मीडियाची चिन्हं ओळीनं मांडली होती, ती प्रत्येकी सोळा पिक्सेलची. त्यातलं हवं ते दाबणं म्हणजे सुईत दोरा ओवणं. शिवाय त्यातली दोन खाती बंद होती. पाचही गेली.

आता चित्रांबद्दल. अख्खी सिग्नेचर चित्र असली तर काय होतं, ते गेटावर मी भोगलंच. पण नुसता लोगो ठेवला तरी तीन अडचणी असतात. पहिली अशी की आउटलुकमधून लोगो घातला की तो बऱ्याचदा मेलला जोडलेली फाइल म्हणून जातो. उत्तर-प्रत्युत्तर होत दहा मेल साठले की `image001.png`, `image002.png` अशी जोडपत्रांची रांग लागते, आणि फोनवर खरं बिल शोधणारा माणूस त्यात हरवतो. कागदाच्या टाचणीचं चिन्ह प्रत्येक मेलवर दिसू लागलं की त्याला काही अर्थ उरत नाही. त्यावर उपाय म्हणजे लोगो कंपनीच्या वेबसाइटवर ठेवायचा आणि सिग्नेचरमध्ये त्याचा पत्ता द्यायचा. पण इथे एक खड्डा आहे. बरेच जण तो गुगल ड्राइव्हवर टाकतात आणि सर्वांसाठी खुला करायला विसरतात. पाठवणाऱ्याला तो व्यवस्थित दिसतो, कारण तो त्या खात्यात आत शिरलेला असतो. बाकी जगाला रिकामा चौकोन. म्हणून तपासणी नेहमी कंपनीबाहेरच्या खात्यावरून करायची.

दुसरी अडचण मापाची. फोनचे पडदे बारीक ठिपक्यांचे असतात, म्हणून १०० पिक्सेल रुंद दाखवायचा लोगो २०० पिक्सेलचा बनवायचा, म्हणजे तो कडांना भुरकट दिसत नाही. मग कोडमध्ये `width="100"` असं स्पष्ट लिहायचं. हे लिहिलं नाही तर विंडोजवरचं जुन्या घडणीचं आउटलुक तो पूर्ण २०० चा दाखवतं. ते मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं आणि वेबच्या बऱ्याच नव्या सूचना त्याला कळत नाहीत.

तिसरी अडचण अंधाराची. आता कितीतरी लोक फोन काळ्या पार्श्वभूमीवर ठेवतात. अबकचा लोगो काळ्या अक्षरांचा, मागची बाजू पारदर्शक. पांढऱ्यावर तो देखणा दिसायचा, काळ्यावर फक्त लाल ठिपका उरायचा. लोगोच्या मागे पांढरी पट्टी ठेवून चित्र पुन्हा बनवलं की प्रश्न मिटतो. अक्षरांचे रंगही अ‍ॅप आपल्या मनानं उलटवतं; गडद निळं नाव काळ्यावर बुडून जातं. म्हणून मी मजकुराला रंग देतच नाही. रंग सांगितला नाही की अ‍ॅप स्वतःच उजेडात काळा आणि अंधारात पांढरा निवडतं.

एक जुनी गंमत सांगतो. मॅडमच्या सिग्नेचरमध्ये 'झाडं वाचवा' या ओळीच्या आधी एकटं इंग्रजी 'P' हे अक्षर होतं, हिरव्या रंगात. ते कशाचं, हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते झाडाचं चित्र होतं. विंडोजमध्ये वेबडिंग्ज नावाचा चिन्हांचा फाँट आहे, त्यात P दाबलं की बागेसारखं चित्र येतं. फोनमध्ये तो फाँट नसतो, म्हणून तिथे उघडा P दिसतो. नंबराआधी टेलिफोनचं चित्र म्हणून विंगडिंग्जचं चिन्ह टाकलेलं असतं, ते फोनवर नुसता उघडा कंस होऊन बसतं. जाता जाता सांगायचं तर, जुन्या मेलांत वाक्याच्या शेवटी विनाकारण आलेलं 'J' म्हणजे विंगडिंग्जमधला हसरा चेहरा.

मराठी सिग्नेचरचं घोडं नेमकं याच ठिकाणी अडतं. साहेबांना कंपनीचं नाव मराठीतही हवं होतं आणि ते योग्यच होतं. त्यांच्या टायपिस्टनं ते लगेच टाकूनही दिलं. संगणकावर सुरेख दिसलं, माझ्या फोनवर मात्र आली अगम्य रोमन अक्षरं आणि चिन्हं. डीटीपीच्या जमान्यातल्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटांत अक्षरं आतून रोमनच असतात, वरचा पोशाख देवनागरीचा. तो फाँट ज्या यंत्रात नाही तिथे पोशाख उतरतो. सिग्नेचर युनिकोडमध्येच टाइप केलेली हवी. ओळखायची खूण सोपी आहे: तो मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवायचा. मराठीच राहिला तर युनिकोड, गिचमिड झाली तर जुना फाँट. युनिकोडमध्ये असेल तर विशिष्ट फाँटचं नाव सांगायचीही गरज नाही, प्रत्येक फोनकडे स्वतःची देवनागरी असते. फक्त ओळींमधलं अंतर थोडं सढळ ठेवायचं. 'र्की' आणि 'ड्डू' एकाखाली एक आले की वेलांटी-रफाराला वरून आणि जोडाक्षर-उकाराला खालून जागा लागते, ती रोमन अक्षरांच्या मापानं पुरत नाही.

कंपनीच्या माहितीचा कायदेशीर भाग मी टाळू शकत नव्हतो. कंपनी कायदा, २०१३ याचं कलम १२ सांगतं की कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन, आणि असतील तर फोन, फॅक्स, ईमेल आणि वेबसाइट हे सगळं व्यवसायाची पत्रं, बिलं, लेटरहेड, सूचना आणि इतर अधिकृत प्रकाशनांवर छापलेलं असावं. न केल्यास दंड दिवसाला एक हजार रुपये, जास्तीत जास्त एक लाखापर्यंत. रोजचा मेल हे 'व्यवसायाचं पत्र' धरायचं का, हे कलमात शब्दानं लिहिलेलं नाही. सावध कंपनी सेक्रेटरी धरून चालतात. अबकच्या सेक्रेटरींनीही धरायला सांगितलं आणि मी वाद घातला नाही; यात शेवटचा शब्द त्यांचाच. सीआयएन एकवीस अक्षरांचा असतो, अरुंद ओळीत तो आरामात बसतो. जीएसटी क्रमांक बिलावर लागतो, 'उद्या अकरा वाजता या' याखाली नाही. तो काढला.

गोपनीयतेच्या परिच्छेदावर मात्र मी अडून बसलो. मेल पूर्ण वाचून झाल्यावर 'तुम्ही हा वाचायला नको होता' असं सांगणारी ती सूचना, आणि प्रत्येक उत्तरागणिक तिची नवी प्रत. दहा मेलांच्या साखळीत दहा वेळा. शेवटी साहेब म्हणाले, "वेबसाइटवर टाका आणि खाली दोन शब्दांची लिंक द्या." ठीक आहे म्हटलं. मग सेक्रेटरींना विचारल्यावर तेही म्हणाले की खरेदी विभागाला त्याची गरज नाही. लिंकही गेली.

शेवटी उरलं ते असं. नाव आणि नंबर अर्थात बदललेले:

```
<table cellpadding="0" cellspacing="0" border="0"><tr>
<td style="font-family:Arial,sans-serif;font-size:15px;line-height:24px;">
<b>Name Surname</b><br>
Purchase (Raw Material)<br>
<a href="tel:+910000000000">+91&nbsp;00000&nbsp;00000</a><br>
ABC Castings Pvt. Ltd.<br>
<a href="https://example.com/map">MIDC Shiroli, Kolhapur</a><br>
<span style="font-size:13px;">CIN: U00000MH0000PTC000000<br>
Regd. Office: same as above<br>
+91&nbsp;231&nbsp;000&nbsp;0000<br>
info@example.com<br>
www.example.com</span>
</td></tr></table>
```

प्रत्यक्षात 'नोंदणीकृत कार्यालय' या ओळीपुढे पूर्ण पत्ता आहे, दोन ओळींत हातानं तोडलेला. नाव आणि नकाशा यांच्यामध्ये कंपनीचं नाव मुद्दाम घातलं आहे, म्हणजे मोबाइल नंबर आणि पत्ता या दोन मुख्य लिंका शेजारी येत नाहीत. लँडलाइन शेवटच्या बारीक अक्षरांत गेली, कारण ती कायद्यासाठी आहे. गेटावरचा माणूस मोबाइललाच फोन करणार. लोगो या सिग्नेचरमध्ये नाही. साहेबांच्या आणि निर्यात विभागाच्या सिग्नेचरमध्ये आहे, सगळ्यात वर, शंभर पिक्सेल रुंद.

हा कोड जीमेलच्या सेटिंगमध्ये थेट टाकता येत नाही, तिथे तशी सोय नाही. तो `.html` फाइल म्हणून जपून ठेवायचा, ब्राउझरमध्ये उघडायचा, दिसतं ते सगळं निवडून कॉपी करायचं आणि सिग्नेचरच्या चौकटीत चिकटवायचं. वर्डमध्ये बनवून चिकटवू नका. वर्ड आपल्याबरोबर न दिसणाऱ्या सूचनांचं इतकं गाठोडं आणतं की कुठल्या ओळीचं अक्षर कधी वाढेल याचा भरवसा राहत नाही.

आता राहिलं सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं सेटिंग. जीमेल आणि आउटलुक या दोन्हीत नव्या मेलसाठी एक आणि उत्तरासाठी दुसरी अशा दोन सिग्नेचर ठेवता येतात. जीमेलमध्ये सिग्नेचरच्या चौकटीखालीच `FOR NEW EMAILS USE` आणि `ON REPLY/FORWARD USE` अशा दोन जागा आहेत. उत्तरासाठी आम्ही दोनच ओळी ठेवल्या: नाव, आणि खाली मोबाइल नंबर. पहिल्या मेलमध्ये पूर्ण ओळख एकदा दिलेली असते. संभाषण सुरू झाल्यावर प्रत्येक वाक्याला आडनाव-गाव सांगायचं काय कारण? इंटरनेटच्या शिष्टाचाराची एक मार्गदर्शिका १९९५ साली निघाली होती, तिनंही सही चार ओळींपेक्षा मोठी नसावी असंच सांगितलं होतं. तेव्हा कारण होतं इंटरनेटसाठी मिनिटामागे मोजाव्या लागणाऱ्या पैशांचं.

एवढं करूनही पहिल्याच दिवशी मॅडमच्या मेलखाली जुनी सिग्नेचर आली. कारण तो मेल त्यांनी फोनवरून पाठवला होता. जीमेलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये सिग्नेचरचं वेगळं सेटिंग असतं, `Mobile Signature` या नावाचं, आणि तिथे फक्त साधा मजकूर चालतो. कोणीतरी कधीतरी तिथे फॅक्ससकट सगळं टाइप करून ठेवलं होतं. आयफोनच्या मेल अ‍ॅपचंही तसंच. तिथे काही केलं नाही तर `Sent from my iPhone` ही कंपनीची जाहिरात आपल्या सहीच्या जागी जात राहते. तीस जणांचे फोन एकेक करून हातात घेतले, नाव आणि नंबर अशा दोन ओळी टाकल्या. या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच होता आणि तो टाळला असता तर बाकीचं फुकट गेलं असतं.

तपासणीला फार काही लागत नाही. कंपनीबाहेरच्या दोन खात्यांवर मेल पाठवा, एक अँड्रॉइडवर उघडा, एक आयफोनवर. फोनची अक्षरं सेटिंगमधून मोठी करून पाहा, कारण पन्नाशीपुढचे बरेच जण तशीच ठेवतात. पडदा काळा करून पाहा. मग त्याच मेलला तीनदा उलटसुलट उत्तर द्या आणि साखळी कशी दिसते ते बघा. डावी-उजवीकडे सरकवावं लागलं, नंबर दोन ओळींत तुटला किंवा टाचणीचं चिन्ह उगवलं, तर कुठे चुकलं ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

आणि हे वाचताना फोन हाताशी असेल तर स्वतःलाच एक मेल टाका, आलेल्या मेलमधल्या तुमच्या नंबरावर अंगठा ठेवा. फोन तुमचाच असल्यामुळे नंबर व्यस्त लागेल. तो व्यस्त लागला, म्हणजे सही बरोबर आहे.